दगड बदलला, खिडकी हलली नाही: इमारतीच्या छायाचित्रातील क्लॅडिंग-बदलाची पार्श्वभूमी

सातारा शहरात गिलाव्याच्या जुन्या दुमजली घराला दर्शनी बाजूने काळ्या पाषाणाचे किंवा जांभ्याचे क्लॅडिंग, म्हणजे दगडाचे पातळ आवरण, करायचे ठरले, की मालक आधी घराच्या छायाचित्रात तो दगड बसवून दाखवणारे चित्र मागतो. त्या चित्रात खिडक्या, छज्जे आणि कौलारू छपराची रेषा मूळ छायाचित्रात जिथे आहेत तिथेच दिसावी लागते, कारण खिडकी बोटभर जरी सरकली, तरी ते घर दुसऱ्याच कोणाचे तरी होते आणि त्यावरून मालकाला काहीही ठरवता येत नाही. आज असे चित्र घडवणाऱ्या संगणकाला ही अट मुद्दाम सांगावी लागते. पूर्वी ती सांगण्याची वेळच येत नसे.

फोटोशॉपमध्ये १९९४ साली लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवता येणारे थर, आले. तेव्हापासूनची रीत अशी होती, की भिंतीचा भाग निवडून खिडक्या आणि छप्पर त्यातून वगळायचे, दगडाचे छायाचित्र वेगळ्या लेयरवर ठेवून भिंतीच्या तिरपेपणानुसार ताणायचे आणि जुन्या सावल्या त्यावर मिसळायच्या. २००५ च्या आवृत्तीत आलेल्या Vanishing Point या सोयीमुळे हा तिरपेपणा साधणे सोपे झाले. काम वेळखाऊ होते आणि दगड बरेचदा चिकटवल्यासारखा दिसे, पण वगळलेल्या भागाला कोणी हातच लावत नसल्यामुळे खिडकी हलण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता.

२०१६ च्या अखेरीस पिक्स-टू-पिक्स ही एका चित्रावरून संगणकाकडून दुसरे चित्र बनवून घेणारी पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्या गाजलेल्या प्रयोगांपैकी एकात खिडकी, दार, कंगणी असे भाग रंगांनी दाखवलेल्या नकाशावरून इमारतीचे छायाचित्र तयार होत असे. रचना एका हाती आणि साहित्याचे रूप दुसऱ्या हाती, ही विभागणी तिथे स्पष्ट दिसते. मात्र त्या प्रयोगासाठी वापरलेल्या प्रागच्या संग्रहातील ६०६ चित्रे समोरून सरळ केलेल्या दर्शनी भागांची होती आणि भागांच्या यादीत छप्पर स्वतंत्रपणे नव्हतेच.

खरी अडचण २०२२ मध्ये शब्दांतल्या वर्णनावरून चित्र घडवणारी स्टेबल डिफ्यूजन ही पद्धत आल्यावर उभी राहिली. ही पद्धत चित्र थेट पिक्सेलमध्ये हाताळत नाही. ती आधी चित्राचे लहान रूप करते, ज्यात ८ गुणिले ८ पिक्सेलचा तुकडा जाळीच्या एका घरात बसतो. मग त्यात गोंगाट, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांसारखा बिघाड, मिसळून नव्या वर्णनाप्रमाणे चित्र पुन्हा घडवते. गोंगाट थोडा ठेवला तर गिलावा दगड होत नाही आणि पुरेसा वाढवला तर गिलाव्याबरोबर खिडकीही पुसली जाते, कारण या पद्धतीला दोहोंतला फरक कोणी सांगितलेला नसतो.

समजा, ९ मीटर रुंदीचा दर्शनी भाग चित्रात ७२० पिक्सेल व्यापतो. म्हणजे एका मीटरला ८० पिक्सेल मिळतात. खिडकीची ५ सेंटिमीटरची चौकट ४ पिक्सेलची आणि १२ मिलिमीटरचा गज जेमतेम १ पिक्सेलचा होतो. दोन्ही त्या ८ पिक्सेलच्या घराहून लहान आहेत. म्हणून गजांची संख्या बदलते आणि चौकट जाड होते.

यावर २०२३ च्या फेब्रुवारीत कंट्रोलनेट आले. मूळ छायाचित्रातून काढलेल्या कडा, सरळ रेषा किंवा कोणता भाग कॅमेऱ्यापासून किती दूर आहे हे दाखवणारा खोलीचा नकाशा चित्रनिर्मितीला सोबत देण्याची ही सोय होती आणि माझ्या मते हरवलेली शिस्त तिनेच परत आणली. पण काय सोबत द्यायचे, हे समजून निवडावे लागते. जॉन कॅनी यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने काढलेल्या कडा खिडकी नीट पकडतात, पण भिंत विटांची असेल तर विटांचे सांधेही पकडतात आणि नव्या जांभ्याच्या चिऱ्यांवर विटांचीच जाळी उमटते. म्हणून भिंतीवरच्या कडा आधी पुसाव्या लागतात. केवळ सरळ रेषा दिल्या तर सांधे टाळता येतात, मात्र वळचणीला मंगलोरी कौलांची जी नागमोडी किनार असते ती सपाट होण्याचा संभव असतो. खोलीच्या नकाशात छपराचा उतार चांगला येतो, पण खिडकीचा उथळ खळगा जवळजवळ दिसतच नाही.

पुढे नुसत्या वाक्याने चित्र बदलणारी साधने आली आणि ‘खिडक्या व छपराची रेषा तशीच ठेवा’ ही सूचना त्या वाक्यातच लिहिली जाऊ लागली. ती सूचना बऱ्याचदा पाळली जाते, पण पाळली गेलीच, हे तपासल्याशिवाय समजत नाही. त्यासाठी मूळ चित्र नव्यावर ठेवून त्या लेयरची मिश्रण-पद्धत Difference निवडावी: जिथे बदल नाही तिथे काळे दिसते, भिंत उजळते आणि सरकलेल्या चौकटीभोवती दुहेरी कड उमटते. अशी कड दिसली तर लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या लेयर मास्कने मूळ छायाचित्रातील खिडक्या आणि छप्पर परत वर बसवणे हाच खात्रीचा उपाय आहे. म्हणजे १९९४ ची रीत शेवटच्या पायरीला अजूनही लागते.

एक बदल मात्र तिथेही होऊ द्यावा लागतो. दगड आणि त्यामागचा मसाला मिळून भिंत सुमारे ४ सेंटिमीटर पुढे येते, म्हणजे वरच्या हिशेबात ३ पिक्सेल. खिडकी जागेवर राहते, पण ती तेवढी अधिक खोल दिसायला हवी, म्हणून मास्कची कड चौकटीच्या बाहेरच्या रेषेवर ठेवून कोनाड्याची सावली नव्या भिंतीच्या बाजूने रुंद करतात.