बॅटरी सेव्हर की ॲडाप्टिव्ह बॅटरी : मेसेज नेमके कोण अडवतं?

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’ उघडलं की ही दोन बटणं जवळजवळ दिसतात, आणि मेसेज उशिरा यायला लागले की बहुतेक जण चुकीचं बटण बंद करतात.

बॅटरी सेव्हर हा सरसकट चालतो. चालू केला की डार्क थीम लागते, ऑलवेज-ऑन डिस्प्ले आणि ‘हे गुगल’ ऐकणं बंद होतं, आणि मागे चालणाऱ्या ॲप्सचं काम व नेट रोखलं जातं. मेल, फोटोंचा बॅकअप हे सगळं ॲप उघडेपर्यंत किंवा फोन चार्जिंगला लावेपर्यंत थांबतं. कॉल येतात, अलार्म वाजतो.

ॲडाप्टिव्ह बॅटरी २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ बरोबर आली. ती बंद केली नाही तर कायम चालू असते आणि तुम्ही कोणतं ॲप किती वापरता ते पाहून ॲप्सची वर्गवारी करते. रोज उघडता त्या ॲपला मोकळीक, महिन्यातून एकदा उघडता त्याला मागे काम करायची संधी क्वचितच.

त्यामुळे दोष कुणाचा ते ओळखणं सोपं आहे. सगळीच ॲप्स सुस्तावली असतील तर सेव्हर चालू राहिलाय. बाकी सगळं वेळेवर आणि फक्त सोसायटीच्या ॲपची सूचना संध्याकाळी उगवते, तर ते ॲप मागे ढकललं गेलंय. मग सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी इथे जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. अशी सूट दोन-तीन ॲप्सनाच द्या, सगळ्यांना दिली तर बॅटरी पुन्हा तिथेच.

सेव्हरचा सर्वात तापदायक परिणाम लोकेशनवर होतो. काही फोनमध्ये स्क्रीन बंद झाली की ॲप्सना जागा कळणंच थांबतं. सकाळी चालायला जाताना फोन खिशात टाकला, परत येऊन नकाशा पाहिला, तर बागेभोवतीच्या फेऱ्यांऐवजी दोन ठिपक्यांना जोडणारी सरळ रेघ. ॲप बिघडलेलं नसतं, मधल्या नोंदीच मिळालेल्या नसतात. तेवढा वेळ सेव्हर बंद ठेवा.

फोन खिशात पडून असेल, वीस टक्के उरले असतील आणि रात्रीपर्यंत फक्त कॉल हवे असतील, तर सेव्हर खरोखर कामाचा. पण तुम्ही व्हिडिओ बघत असाल तर बॅटरी स्क्रीन खाते, आणि तिथे ब्राइटनेस स्वतः कमी करणं जास्त फळतं. डार्क थीमचा फायदाही ओलेड स्क्रीनवरच, कारण तिथे काळा पिक्सेल विझलेला असतो. एलसीडीत मागचा दिवा तसाच जळतो. घाटात रेंज शोधताना फोन तापतो, तेव्हाही सेव्हरचा फारसा उपयोग नाही. तिथे सरळ फ्लाइट मोड लावा, कॉल तसेही लागत नाहीत.