‘उद्धट’ लिहिण्याआधी: सहकाऱ्याच्या बोलण्यावर अभिप्राय देताना कोणता शब्द निवडावा

वार्षिक मूल्यमापनाचे दिवस आले की आमच्याकडे तपासायला येणाऱ्या मसुद्यांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘कामात चोख, पण बोलायला जरा उद्धट.’ लिहिणाऱ्याच्या मनात राग नसतो. उलट ‘जरा’ घालून आपण सांभाळून लिहिलं, असंच त्याला वाटत असतं. पण ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याच्या डोक्यात एवढंच राहतं की मला उद्धट म्हटलं. नेमकं काय खटकलं आणि उद्यापासून काय वेगळं करायचं, हे त्या वाक्यातून त्याला कळत नाही. म्हणून मसुदा आमच्याकडे पाठवण्याआधी या एका शब्दाकडे नीट पाहावं, यासाठी हे पत्रक.

‘उद्धट’मध्ये दडलेली पायरी

मराठीत उद्धट कोणाला म्हणतात, ते आठवून पाहा. मुलगा वडिलांना उलटून बोलला तर तो उद्धट. नव्या माणसाने जुन्याला तोंडावर नाही म्हटलं तर तोही उद्धट. साहेब हाताखालच्या माणसाशी तसंच बोलला, तर त्याला आपण सहसा उद्धट म्हणत नाही. तो ‘कडक’ असतो, ‘खेकसतो’, फार झालं तर ‘उर्मट’ ठरतो. म्हणजे या शब्दात ‘आपली पायरी सोडून बोलला’ असा आरोप आधीपासूनच असतो. बरोबरीच्या सहकाऱ्याबद्दल किंवा कनिष्ठाबद्दल तो लिहिला की अभिप्राय बोलण्याच्या पद्धतीवर राहत नाही, दर्जावर जातो.

याची एक परीक्षा आम्ही स्वतः नेहमी करतो. तेच बोलणं विभागप्रमुखांच्या तोंडून आलं असतं तर आपण कोणता शब्द लिहिला असता? ‘स्पष्टवक्ते’ असं उत्तर आलं, तर कनिष्ठासाठी लिहिलेला ‘उद्धट’ खोडायला हवा. बोलणं एकच असेल तर शब्दही एकच हवा.

काय कमी पडलं, ते आधी शोधा

अनेक कार्यालयांत अभिप्रायाचे फॉर्म इंग्रजीत असतात. तिथे ‘रूड’ टाळायचा म्हणून कर्ट, ब्लंट, ब्रस्क, अब्रप्ट यांपैकी जो आठवेल तो लिहिला जातो, जणू हे ‘रूड’चेच सौम्य पर्याय आहेत. पण तसं नाही. प्रत्येक शब्द वेगळी उणीव दाखवतो आणि मराठीत प्रत्येकाला बऱ्यापैकी जवळचा शब्द आहे.

कर्ट म्हणजे तुटक. शब्द कमी पडले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही ‘आखूड केलेलं’ असाच आहे. हा शब्द उत्तराला शोभतो, माणसाला नाही. ‘ते तुटक आहेत’ हे कानाला खटकतं, ‘तुटक उत्तर दिलं’ हे सहज येतं, आणि अभिप्रायासाठी हीच जमेची बाजू आहे. तुटक उत्तरात मजकूर बरोबर असू शकतो, हेतूही चांगला असू शकतो. फक्त कारण, पुढची वेळ किंवा दोन शब्दांची दखल राहून गेलेली असते.

ब्लंटबद्दल मराठी माणसाची गफलत होते. शब्दशः अर्थ बोथट. पण आपल्याकडे बोथट बोलणं म्हणजे गुळमुळीत, धार नसलेलं बोलणं, म्हणजे अगदी उलट. बोलण्याच्या संदर्भात ब्लंट म्हणजे रोखठोक: मजकूर खरा, पण त्यावर काही पांघरूण नाही. इथे शब्द कमी पडत नाहीत, माणूस लांबलचक बोलूनही रोखठोक असू शकतो. शिवाय हा दोषच असेल असं नाही. पुष्कळ ठिकाणी तो गुण म्हणून लिहायला हवा. याच्या शेजारचा ‘फटकळ’ मात्र वेगळा. त्यात जिभेवर ताबा नसल्याचं सूचित होतं, तेव्हा दोन्हींची अदलाबदल करू नका.

ब्रस्कसाठी आम्हाला ‘तुसडेपणा’ सर्वांत जवळचा वाटतो. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये इटालियनमधून. तिथे त्याचा अर्थ आंबट, तुरट असा होतो. इथे शब्दांची लांबी बरोबर असेल, मजकूरही बरोबर असेल, पण घाई आणि कोरडेपणा असा की समोरच्याला आपण अडचण होतोय असं वाटावं. हा दोष आवाजात, नजरेत, हालचालीत असतो. म्हणून फक्त लेखी निरोप पाहून कोणालाही तुसडं ठरवू नये. लेखी निरोपात फार तर तुटकपणा दिसतो.

अब्रप्ट म्हणजे तुटलेलं, आणि इथे प्रश्न वेळेचा. बोलणं मध्येच थांबवणं, प्रस्तावना न करता विषय काढणं, समोरचा बोलत असताना उठून जाणं. मराठीत यासाठी एक विशेषण पुरत नाही, क्रियापदच लिहावं लागतं: ‘बोलणं मध्येच तोडलं’, ‘एकदम विषय बदलला’.

एक मसुदा, सुरुवातीपासून

हिशेब विभागातल्या एका वरिष्ठ सहकाऱ्याबद्दलचा हा मसुदा घ्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

‘काम उत्तम. पण स्वभाव जरा उद्धट, सगळ्यांशी तुसडेपणाने वागतात असं सर्वांना वाटतं. सुधारणा अपेक्षित.’

आम्ही लिहिणाऱ्या बाईंना एकच विचारलं: शेवटचे तीन प्रसंग कोणते? त्यांनी सांगितले ते असे.

पहिला प्रसंग. एका सहकारी महिलेने निरोप पाठवला: ‘गुरुवारच्या बैठकीसाठी महिनाअखेरचे आकडे हवे आहेत. बुधवारपर्यंत मिळतील का? नसतील तर मी सादरीकरणात ती जागा रिकामी ठेवते.’ उत्तर आलं: ‘नाही.’ यात राग नाही की अपमान नाही. पण आकडे कधी मिळतील हे तिला कळलं नाही आणि ती दिवसभर वाट पाहत राहिली. हे तुटक उत्तर.

दुसरा प्रसंग. बैठकीत एका प्रस्तावावर ते म्हणाले, ‘हे जमणार नाही. खर्चाचा अंदाजच चुकलाय, वाहतूक धरलेली नाही.’ प्रस्ताव मांडणाऱ्याचा चेहरा उतरला. आम्ही विचारलं, वाहतूक खरोखर धरली नव्हती का? नव्हती. मग हे रोखठोक बोलणं आहे, आणि त्याने चूक वेळेत सापडली. दोषांच्या यादीत याला जागा नाही.

तिसरा प्रसंग. कामावर नवीन आलेला एक जण शंका विचारायला त्यांच्या टेबलाशी गेला. त्यांनी पडद्यावरची नजर न हलवता ‘आत्ता नाही’ म्हटलं आणि इअरफोन लावले. तो पुन्हा त्यांच्याकडे गेलाच नाही. हा तुसडेपणा, आणि तिन्हींत सर्वांत महाग पडणारा हाच. न विचारता केलेल्या कामात चुका राहतात आणि त्या याच विभागाकडे परत येतात.

म्हणजे ‘स्वभाव उद्धट’ यातून उरल्या दोन सवयी आणि निघाला एक गुण. बाईंनी नंतर लिहिलेला मजकूर असा:

‘बैठकीत चुका थेट दाखवता, त्याचा उपयोग होतो. खर्चाच्या अंदाजातली वाहतुकीची चूक त्यामुळेच सापडली. लेखी उत्तरं मात्र कधीकधी इतकी तुटक असतात की पुढे काय करायचं ते कळत नाही. आकड्यांबद्दलच्या निरोपाला ‘नाही’ एवढंच उत्तर होतं, ‘नाही, शुक्रवारी सकाळी देतो’ असं असतं तर काम अडलं नसतं. नवीन सहकारी शंका घेऊन आले तेव्हा तुम्ही वर न पाहता ‘आत्ता नाही’ म्हणालात. ते त्यांना तुसडेपणाचं वाटलं आणि त्यांनी विचारणंच बंद केलं. कामात असाल तेव्हा कधी यायचं ती वेळ सांगावी.’

मजकूर लांबला आहे, हे खरं. पण यातलं प्रत्येक वाक्य त्यांना तपासून पाहता येतं, आणि दोन्ही सुधारणा प्रत्येकी चार-पाच शब्दांच्या आहेत. ‘वाटलं’ हा शब्द फक्त एकदा, ज्याला वाटलं त्याच्यापुरताच आला आहे, तोही त्या सहकाऱ्याला विचारून, त्याची हरकत नाही हे कळल्यावर.

‘जरा’ आणि ‘सर्वांना’

हे दोन शब्द आम्ही जवळजवळ प्रत्येक मसुद्यातून काढतो. ‘जरा उद्धट’ यातला ‘जरा’ काहीच सौम्य करत नाही. मराठीत तो बऱ्याचदा नाक मुरडल्यासारखा ऐकू येतो. सौम्यपणा हवा असेल तर तो प्रसंगाच्या मर्यादेतून आणा: ‘घाईच्या दिवसांत’, ‘लेखी निरोपांत’. आणि ‘सर्वांना वाटतं’ वाचून माणूस बोलणं सुधारत नाही, कोण कोण बोललं ते शोधू लागतो.

सौम्य शब्द कुठे वापरू नये

कोणी कोणाला सर्वांसमोर मूर्ख म्हटलं, जातीवरून, बाई असण्यावरून, उच्चारावरून टोमणा मारला, अंगावर ओरडलं, तर ते तुटक नाही आणि रोखठोकही नाही. तिथे आमच्या या चार शब्दांपैकी एकही लिहू नका. ‘स्पष्टवक्तेपणामुळे कधीकधी गैरसमज होतात’ अशी वाक्यं आमच्याकडे येतात, आणि विचारल्यावर आत शिवीगाळ निघते. असं वाक्य ज्याला बोलणी खावी लागली त्याच्यावर अन्याय करतं, कारण गैरसमज त्याचा ठरतो. अशा वेळी विशेषण गाळून, काय म्हटलं, कोणासमोर आणि कधी, एवढं जसंच्या तसं लिहावं. ते मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये अडकवून न ठेवता तक्रारीची जी रीत तुमच्या कार्यालयात असेल, तिकडे न्यावं.

आणखी एक मर्यादा. फॉर्मची भाषा त्या सहकाऱ्याची रोजची भाषा नसेल, तर तुटकपणा शब्दांच्या तुटवड्यातूनही येतो. तोच माणूस आपल्या भाषेत कसा बोलतो ते पाहा. तिथे मोकळा असेल, तर प्रश्न वागण्याचा नाही, आणि अभिप्रायात त्याला वागण्याच्या रकान्यात बसवू नये.

मसुदा पाठवताना सोबत दोन-तीन प्रसंग, शक्य तितक्या बोललेल्याच शब्दांत, वेगळ्या कागदावर जोडा. नावं लिहू नका, हुद्दे पुरतात. शब्द कोणता, हे आपण त्या कागदावरून ठरवू.