पेटंट दाव्यांची दाखलपूर्व तपासणी

पेटंटचा पूर्ण अर्ज दाखल करण्याआधी त्यातील प्रत्येक दाव्याची, म्हणजे शोधाच्या कोणत्या भागावर हक्क हवा ते सांगणाऱ्या विधानाची, व्याप्ती किती आहे, त्याचा अर्थ एकच निघतो का आणि त्याला स्पेसिफिकेशनमधील, म्हणजे शोधाचा तपशील मांडणाऱ्या दस्तऐवजातील, वर्णनाचा आधार आहे का, हे पडताळण्याच्या कामाला दाव्यांची दाखलपूर्व तपासणी म्हणता येईल. भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम १०(५) नुसार दावे स्पष्ट व आटोपशीर असावे लागतात आणि स्पेसिफिकेशनमध्ये उघड केलेल्या मजकुरावर ते न्याय्यपणे आधारलेले असावे लागतात. तात्पुरता अर्ज केला असेल, तर पूर्ण स्पेसिफिकेशन १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते, आणि ही तपासणी बहुधा त्या मुदतीच्या अखेरच्या आठवड्यांत घाईने उरकली जाते.

घाई महागात पडते ती कलम ५९ मुळे. दाखल केल्यानंतर दाव्यांत दुरुस्ती करता येते. परंतु दुरुस्त दावा आधीच्या दाव्याच्या कक्षेत पूर्णपणे बसला पाहिजे आणि मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेला मजकूर त्यात येता कामा नये. म्हणजे दावा पुढे आवळता येतो, सैल करता येत नाही. आणि आवळण्यासाठी लागणारा तपशीलही वर्णनात आधीपासून असावा लागतो.

उदाहरणादाखल कांदा चाळीसाठीची एक काल्पनिक वायुवीजन यंत्रणा घेऊ. ढिगातील आणि बाहेरील हवा ताडून पाहायची आणि बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच पंखा चालवायचा, ही तिच्यामागील कल्पना आहे. पहिल्या मसुद्यातील दावा असा आहे: ‘हवेचा प्रवाह निर्माण करणारे साधन, आर्द्रता मोजणारा संवेदक आणि योग्य वेळी ते साधन चालू करणारा नियंत्रक असलेली शेतमाल साठवणुकीची व्यवस्था.’

व्याप्तीच्या दृष्टीने हा दावा फार रुंद आहे. आर्द्रता वाढली की पंखा सुरू करणारे कोणतेही जुने धान्य गोदाम त्यात बसते आणि त्यामुळे नावीन्यच उरत नाही. उलट टोकाला जाऊन ‘चाळीच्या तळाशी बसवलेला १२ इंची पंखा’ असे लिहिले, तर स्पर्धक पंखा वर बसवून मोकळा होईल. पंख्याचा आकार वा जागा नव्हे, तर आतल्या-बाहेरच्या हवेची तुलना हाच शोधाचा गाभा असल्याने मुख्य दाव्यात दोन ठिकाणची मापने आणि त्यांवरून होणारा निर्णय आला पाहिजे. पंख्याची जागा अवलंबी दाव्यात, म्हणजे मुख्य दाव्यात आणखी एखादा तपशील जोडणाऱ्या दाव्यात, जाऊ शकते.

स्पष्टतेच्या तपासणीत ‘योग्य वेळी’ हे शब्द लगेच अडतात, कारण वेळ योग्य की अयोग्य हे ठरवण्याचे माप दाव्यात कुठेही नाही. त्याऐवजी ‘बाहेरची आर्द्रता आतल्यापेक्षा कमी असताना’ असे लिहिले, तरी काम संपत नाही. उलट खरी अडचण इथेच आहे. समजा, रात्री बाहेर २० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे, तर ढिगात ३० अंश आणि ६० टक्के. सापेक्ष आर्द्रतेने पाहिले तर बाहेरची हवा दमट ठरते आणि पंखा बंद राहतो. पण घनमीटरमागे बाष्प मोजले तर बाहेर सुमारे १४ ग्रॅम आणि आत सुमारे १८ ग्रॅम निघते, म्हणजे बाहेरचीच हवा कोरडी ठरते आणि पंखा चालायला हवा. ‘आर्द्रता’ या एका शब्दाचे दोन अर्थ घेतले, की यंत्र दोन परस्परविरुद्ध गोष्टी करते. अशा दाव्याचे उल्लंघन झाले की नाही, हे कोणालाच ठामपणे सांगता येणार नाही.

शोधकाला बाष्पाचे प्रत्यक्ष प्रमाण अभिप्रेत असेल, तर दाव्यात तसे लिहून तापमान संवेदकही घ्यावा लागतो, आणि मग आधाराचा प्रश्न उभा राहतो. तात्पुरत्या स्पेसिफिकेशनमध्ये केवळ सापेक्ष आर्द्रतेचाच उल्लेख असेल, तर कलम ११ नुसार या दाव्याला तात्पुरत्या अर्जाची अग्रक्रम तारीख, म्हणजे ज्या तारखेच्या आधीच्या माहितीशी ताडून दाव्याचे नावीन्य ठरते ती तारीख, मिळत नाही. पूर्ण स्पेसिफिकेशन दाखल झाल्याची तारीख मिळते. मधल्या काळात कोणी तेच तंत्र प्रसिद्ध केले असेल, तर दावा तिथेच अडकतो. ‘शेतमाल’ हा शब्दही तपासावा लागतो. वर्णनात फक्त कांदा असेल, तर लसूण वा बटाट्यालाही हीच पद्धत का लागू पडते हे वर्णनात आणावे, नाहीतर दावा कांद्यापुरता ठेवावा.

प्रत्यक्ष तपासणीची साधी रीत अशी, की दाव्यातील प्रत्येक पद वर्णनात कुठे आले आहे त्याचा पृष्ठक्रमांक समासात लिहायचा. ज्या पदासमोर समास कोरा राहतो, तिथे वर्णन वाढवायचे किंवा ते पद काढायचे. वर्णनात ‘नियंत्रक’ आणि दाव्यात ‘संस्करण एकक’ अशी एकाच भागाची दोन नावे, किंवा आधी न आलेल्या भागाला ‘सदर’ म्हणणे, हे दोषही याच वाचनात सापडतात. शोधकाने पंखा सुरू करण्यासाठीचा आर्द्रतेतील नेमका फरक मुद्दाम गुप्त ठेवला असेल, तर तेही इथे उघडे पडते. शोध राबवण्याची आपल्याला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करणे कलम १०(४) नुसार अर्जदारावर बंधनकारक आहे. ती दडवलेली असल्यास मंजूर झालेले पेटंटही कलम ६४ खाली रद्द होऊ शकते.