पाण्यातून गर्भधारणा (समज)

शरीरसंबंध न येता केवळ सामाईक तरणतलाव, न्हाणीतले पाणी किंवा शौचालयाची बैठक यांमुळे दिवस राहू शकतात, असा समज. वैद्यकदृष्ट्या तो निराधार आहे.

उगमाविषयी एकमत नाही. महाभारतातील दोन कथांकडे बोट दाखवले जाते: उपरिचर वसूचे वीर्य यमुनेत पडून मासळीने गिळले व मत्स्यगंधा जन्मली, विभांडकाचे वीर्य मिसळलेले पाणी हरिणीने प्यायल्याने ऋष्यशृंग झाला. मात्र दोन्हीकडे वीर्य पोटात गेले आहे, स्नानाने गर्भ राहिलेला नाही. स्नानाची कथा तालमुद या यहुदी धर्मग्रंथाच्या हगीगा प्रकरणात आणि पुढे अरब तत्त्वज्ञ इब्न रश्द (1126–98) याच्या नावावर आढळते. इंग्रज वैद्य टॉमस ब्राउन याने 1646 मध्ये तिच्यावर अविश्वास नोंदवला. आजच्या समजाचे मूळ या परंपरेत असणे अधिक संभवनीय वाटते. पुराणकथांनी त्याला आपल्याकडे फार तर टेकू दिला असावा.

समजाच्या खंडनासाठी सहसा पाण्याचे प्रमाण पुढे केले जाते. 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल तलाव घेतला, तर त्यात पावणेचार लाख लिटर पाणी मावते. एका स्खलनातील 15 कोटी शुक्राणू त्यात सारखे पसरले, तर अडीच मिलिलिटरमागे एक येईल. पण न्हाणीतल्या 15 लिटरच्या बादलीला हा युक्तिवाद लागू पडत नाही. तिथे मिलिलिटरमागे 10,000 उरतात.

खरे कारण क्षारांचे आहे. वीर्यातील क्षारांचे प्रमाण रक्ताच्या आसपास असते, नळाच्या पाण्यात ते नगण्य. त्यामुळे पाणी शुक्राणूत शिरते, तो फुगतो, शेपूट वेटोळे घेते आणि पोहणे थांबते. वंध्यत्वाच्या प्रयोगशाळेत वीर्याचा थेंब मुद्दाम कमी क्षाराच्या द्रावणात घालून हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: ज्याची शेपूट वळते, त्याचे आवरण शाबूत होते असे धरतात. साध्या पाण्यात हा आघात आणखी तीव्र असतो. तलावातील क्लोरीन आणि बंबाचे कढत पाणी त्यात भर घालतात. शिवाय योनीच्या भिंती एरवी एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचे पाणी गर्भाशयमुखापर्यंत सहजी जात नाही.

बैठकीवरील वीर्य सुकते व सुकलेले शुक्राणू पोहू शकत नाहीत. त्यातून बसताना बैठकीला मांड्या टेकतात, योनिमुख नव्हे.

पाण्यात प्रत्यक्ष संबंध आल्यास मात्र वीर्य थेट आत पडते, पाणी त्याला अडवत नाही आणि गर्भ राहू शकतो. ताजे वीर्य योनिमुखाशी लागल्यासही, आत प्रवेश न होता, क्वचित तसे घडते. संबंधानंतर पाळी चुकली, तर चुकलेल्या दिवसापासून लघवीची चाचणी करता येते.