वार आधी बांध घालते, मग पाट सोडते

आपल्या भाषेत नाळेला मोठा मान आहे. नाळ जुळते, नाळ तुटते, नाळ जिथे पुरली ते आपले गाव. वारेचे नाव मात्र निघते ते बाळंतपण उरकल्यावर, "वार पडली का?" एवढ्यापुरते. नऊ महिने बाळाची फुप्फुसे, आतडी आणि मूत्रपिंडे यांचे काम तीच करत होती.

वार आईचा अवयव आहे असे बहुतेकांना वाटते, पण ती मुख्यतः बाळाची असते. फलित बीज पाच-सहा दिवसांत पेशींची पोकळ गोळी बनते. आतल्या पुंजक्यातून बाळ घडते आणि बाहेरच्या थरातून वार. म्हणजे वारेत वडिलांचाही वाटा असतो, तरी आईचे शरीर तिला परके म्हणून हाकलून देत नाही.

साधारण सहाव्या-सातव्या दिवशी ही गोळी गर्भाशयाच्या अस्तरात रुतू लागते. बाहेरच्या थरातल्या पेशी आपल्या भिंती मोडून एकमेकींत मिसळतात आणि बिनशिवणीची एकसलग चादर तयार होते. याच चादरीतून ते संप्रेरक पाझरते, ज्यामुळे घरी केलेल्या प्रेग्नन्सी टेस्टवर दोन रेषा उमटतात. पेशी जोडणारे प्रथिन ज्या जनुकापासून बनते, ते कोट्यवधी वर्षांपूर्वी एका विषाणूकडून आपल्या पूर्वजांच्या शरीरात आले. मला ही गोष्ट दर वेळी थक्क करते.

पुढे या चादरीला मुळांसारखे फाटे फुटतात. ते रसांकुर. त्यांच्या आत बाळाच्या रक्तवाहिन्या आणि बाहेर आईच्या रक्ताचे तळे, अशी ही रचना. प्राणवायू, साखर, लोह मधला पातळ पडदा ओलांडून बाळाकडे जातात आणि कार्बन डायऑक्साइड, युरिया उलट येतात. दोघांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही.

पण हे तळे पहिल्या दिवसापासून भरलेले नसते. गर्भाशयाच्या मळसूत्री धमन्यांची तोंडे वारेच्याच पेशी गच्च बुजवून टाकतात. शेवटच्या पाळीपासून मोजले तर साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत रक्ताऐवजी बहुतांशी गाळीव द्रवच आत झिरपतो. तोवर बाळ वाढते ते अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर. हृदय, मेंदू, हातपाय घडत असतात तेव्हा फार प्राणवायू नाजूक पेशींना घातक ठरू शकतो, म्हणून हा बांध. तो दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास हळूहळू सुटतो आणि वारेतला प्राणवायू दुप्पट-तिप्पट होतो.

बांध सुटण्याआधीपासून आणखी एक काम चाललेले असते. वारेच्या पेशी त्या धमन्यांच्या भिंतीत शिरून तिथला स्नायू काढून टाकतात, त्यामुळे तोंडे कित्येक पट रुंदावतात. वाफ्यात पाणी सोडताना पाइपाची धार थेट रोपांवर मारली तर मुळे उघडी पडतात, पण रुंद पाटाने तेच पाणी संथ पसरते. रक्ताचेही तसेच. शेवटच्या महिन्यात मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गर्भाशयाकडे येते आणि तरी ते रसांकुरांना इजा करत नाही.

हे रुंदावणे अपुरे राहिले तर सुरुवातीला कुणालाच कळत नाही. समजा, दहाव्या आठवड्यात एका बाईचा रक्तदाब ११०/७० आहे. तिसाव्या आठवड्यात तो १५०/१०० भरतो, लघवीत प्रथिने सापडतात आणि सोनोग्राफीत बाळ दिवसांच्या मानाने लहान दिसते. डॉपलर तपासणीत गर्भाशयाच्या धमनीत अडथळा आढळतो. अरुंद धमन्यांमुळे तिची वार उपाशी राहिली आहे. अशी वार आईच्या रक्तात जे पदार्थ सोडते, ते तिच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवतात. यालाच प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. पाय सुजणे गरोदरपणात नेहमीचेच, पण जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे सुरू झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात येतो आणि मॅग्नेशियम सल्फेटने झटके टळतात. पण अरुंद राहिलेल्या धमन्या तिसाव्या आठवड्यात रुंद करता येत नाहीत, आजार उतरतो तो वार बाहेर पडल्यावरच. म्हणून डॉक्टर बाळाला आणखी किती दिवस आत ठेवणे सुरक्षित आहे याचा हिशेब करत राहतात. ज्यांना धोका जास्त आहे त्यांना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन बाराव्या आठवड्यानंतर लवकरच सुरू करतात, तीही डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

अशा बाळंतपणानंतर वार टाकून न देता तपासायला पाठवणे चांगले. निरोगी वार साधारण अर्धा किलोची, गडद लाल आणि स्पंजासारखी असते. उपाशी राहिलेली वार बहुधा लहान असते आणि कापल्यावर तिच्यात रक्त न पोचलेले फिकट, कडक डाग दिसतात. तो अहवाल जपून ठेवावा. पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत तो डॉक्टरांना दाखवायचा असतो.