कम्युनिटी रेडिओ सुरू करायचाय? आधी महिन्याचा खर्च मांडूया

नमस्कार मंडळी, कम्युनिटी रेडिओ म्हणजे स्थानिक संस्थेने आपल्या भागातल्या लोकांसाठी चालवलेलं छोटं एफएम स्टेशन, आणि अशी स्टेशनं उभारायला आम्ही मदत करतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक संस्थांचा पहिला प्रश्न ट्रान्समीटर केवढ्याला पडतो हाच असतो. म्हसवडचं माणदेशी तरंग किंवा बारामतीचं वसुंधरा वाहिनी ऐकून लोक येतात, आपल्या तालुक्यातही असं काहीतरी हवं म्हणतात आणि सोबत मशीनचं कोटेशन आणलेलं असतं. मशीन एकदाच घ्यायचंय हो, पगार आणि वीजबिल मात्र दर महिन्याला आहे, आणि स्टेशन अडकतं ते तिथेच. म्हणून आम्ही बजेट कसं बसवतो ते एका उदाहरणावरून सांगतो. आकडे आमच्या अंदाजाचे आहेत, तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील.

समजा सांगोल्याकडची एक नोंदणीकृत संस्था आहे, किमान तीन वर्षं काम केलेली (ही अट आहे, व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला परवानगी मिळत नाही), आणि त्यांना रोज आठ तास प्रसारण करायचंय.

लायसन्सची भीती सगळ्यात जास्त आणि खर्च सगळ्यात कमी. खाजगी एफएमसारखा लिलाव नाही, एंट्री फी नाही. करार करताना 25,000 ची बँक गॅरंटी द्यायची असते, ती स्टेशन वेळेत सुरू करण्याची हमी म्हणून, म्हणजे हा खर्च नाही पण तेवढे पैसे अडकून राहतात हे धरा. मग दरवर्षी स्पेक्ट्रमचं, म्हणजे रेडिओ लहरी वापरण्याचं शुल्क. ते बरीच वर्षं 19,700 रुपये होतं, 2012 मध्ये एकदम 91,000 केलं, देशभरातल्या स्टेशनांनी विरोध केला आणि सरकारला मागे घ्यावं लागलं. म्हणून आम्ही जुन्या आकड्यावर न विसंबता वर्षाला 25,000 धरतो आणि शुल्क भरायची डिमांड नोट आली की दुरुस्त करतो.

आता उपकरणं. परवानगी 100 वॅट ईआरपीची, म्हणजे अँटेनातून बाहेर पडणाऱ्या प्रभावी ताकदीची मिळते आणि अँटेना जमिनीपासून 30 मीटरपर्यंत. अँटेना सिग्नल हव्या त्या दिशेला एकवटून ही ताकद वाढवतो, तो गेन धरून 50 वॅटचा ट्रान्समीटर पुरतो, जास्त वॅटचा विकायला कुणी आलं तर घेऊ नका. सपाट भागात दहा-पंधरा किलोमीटर ऐकू येतं, मधे टेकडी असेल तर कमी. आमच्या उदाहरणात ट्रान्समीटर, अँटेना आणि केबल मिळून साडेचार लाख, टॉवर तीन लाख, स्टुडिओची खोली आवाज घुमणार नाही अशी करायला अडीच लाख, मिक्सर-माइक-कॉम्प्युटर-फील्ड रेकॉर्डर पावणेतीन लाख, यूपीएस आणि बॅटरी सव्वा लाख, आणि अर्थिंग व लाइटनिंग अरेस्टर पन्नास हजार. एकूण साडेचौदा लाख.

यातले शेवटचे पन्नास हजार कुणी कापायचं म्हटलं तर आम्ही ऐकत नाही. उघड्या माळावरचा टॉवर आहे, वळवाच्या पावसात वीज पडली आणि अर्थिंग नीट नसलं तर साडेचार लाखाचं मशीन एका संध्याकाळी जातं. दुसरी गोष्ट केबलच्या जोडांची. कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप नीट गुंडाळली नसेल तर पहिल्याच पावसात पाणी शिरतं, सिग्नल अँटेनातून बाहेर पडायच्या ऐवजी मागे फिरतो आणि मशीन स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतं. ओळखायचं कसं, तर ट्रान्समीटरच्या पॅनलवर रिफ्लेक्टेड पॉवरचा आकडा रोज वहीत लिहा, पावसात तो चढायला लागला आणि लांबच्या गावातून आवाज येत नाही असे फोन आले की समजायचं जोडात पाणी आहे.

केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची उपकरणांसाठी अनुदानाची योजना आहे, पण मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत अनुदानाचा आकडा बजेटमध्ये शून्यच ठेवा.

आता खरा खर्च, माणसं. किती माणसं लागतील हे पदांवरून ठरवू नका, कामाच्या तासांवरून ठरवा. आठ तासांपैकी ताजे कार्यक्रम दोन तासांचे, बाकी पुनःप्रसारण आणि गाणी. दोन तास म्हणजे अर्ध्या तासाचे चार कार्यक्रम, आणि गावात जाऊन रेकॉर्डिंग, परत येऊन एडिटिंग धरलं तर एका कार्यक्रमाला पाच तास सहज जातात. म्हणजे रोजचं वीस तासांचं काम. दोन निर्माते आणि बाकी स्वयंसेवक असं जमतं. मॅनेजर 22,000, निर्माते प्रत्येकी 14,000, तंत्रज्ञ 15,000, एकूण 65,000.

स्वयंसेवक फुकट असतात असं समजून तिथे शून्य लिहिलेलं बजेट आम्ही परत पाठवतो. बाई दहा किलोमीटरवरून एसटीने येते, अर्धा दिवस मजुरी बुडवते, स्वतःच्या मोबाइलवरून पाहुण्यांना फोन लावते. तिला मानधन देता आलं नाही तरी जाण्यायेण्याचे पैसे तिच्या खिशातून जाता कामा नयेत. 18 जण, महिन्याला चार फेऱ्या, फेरीला शंभर रुपये म्हणजे 7,200, चहा-नाश्ता आणि रिचार्ज धरून 10,000. आणि सगळ्यांना सारखंच द्या, एकाला दिलं दुसऱ्याला नाही की गट फुटतो. शिवाय आषाढी वारीत, डाळिंबाच्या छाटणीत आणि बारावीच्या परीक्षेत निम्मे लोक गायब असतात, त्या आठवड्यांसाठी आधीच रेकॉर्ड केलेले दहा-बारा कार्यक्रम हाताशी ठेवा.

वीज आणि इंटरनेट 9,000. यात ट्रान्समीटरचं बिल अगदी थोडं, दिवसाला एखाद-दीड युनिट, खरी वीज स्टुडिओचा एसी खातो. दुरुस्तीसाठी बाजूला 6,000, गावोगाव फिरायला 5,000, स्पेक्ट्रमचे महिन्याला 2,100. सगळं मिळून 97,100 रुपये.

उत्पन्नाच्या बाजूला लोक सगळ्यात जास्त चुकतात. 2024 च्या नियमांनुसार तासाला 12 मिनिटं जाहिरात करता येते आणि सरकारी दर 10 सेकंदाला 74 रुपये आहे. मग एक्सेलमध्ये आठ तास गुणिले 12 मिनिटं करून दिवसाला 42,624 रुपये काढतात आणि खूश होतात. पण तेवढ्या जाहिराती तालुक्यात आहेतच कुठे? आम्ही धरतो ते असं, दहा दुकानदार महिन्याला दीड हजार देणारे, 15,000. सरकारी जाहिरात 30 सेकंदाची, रोज चार वेळा, महिन्यातले दहा दिवस, म्हणजे 222 गुणिले 40, 8,880 रुपये, आणि तेही हातात यायला कित्येक महिने लागू शकतात. एकूण जमा 23,880. तूट महिन्याला 73,220, वर्षाला पावणेनऊ लाखाच्या वर.

ही तूट पहिली दोन वर्षं कोण भरणार, संस्थेचा निधी, कंपन्यांचा सीएसआर की गावकऱ्यांची वर्गणी, हे लिहून ठरल्याशिवाय मशीनची ऑर्डर देऊ नका असं आम्ही स्पष्ट सांगतो, यात आमचं काम उशिरा सुरू झालं तरी चालेल.

भेटायला येताना नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, टॉवरच्या जागेचा सातबारा आणि मागच्या वर्षीची वीजबिलं घेऊन या, आणि जमलं तर हिशेब बघणाऱ्या खजिनदारांनाही सोबत आणा.