एम्प्लॉयमेंटचं कार्ड आणि 'नंबर लागणं'

"कार्ड रिन्यू करत राहिलं की कधीतरी नंबर लागून सरकारी नोकरीचा कॉल येतोच ना?"

नाही हो. नोंदणी म्हणजे रेशनची रांग नाही. 1959 च्या कायद्यानं मालकाला रिक्त जागा एम्प्लॉयमेंट एक्सचेंजला, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाला, कळवायचं बंधन घातलं, पण तिथूनच माणूस घ्यायचं बंधन त्याच कायद्यात नव्हतं. आणि 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एक्सचेंजकडून नावं मागवाच पण पेपरात जाहिरातही द्या, म्हणजे कार्ड नसलेलाही अर्ज करू शकतो.

मग रिन्यूअल कशाला? तर तुमची नोंदणीची मूळ तारीख टिकावी म्हणून. जागा आली की आधी शिक्षण बघून नावं काढतात, मग ज्येष्ठता. रिन्यूअल चुकवलं की नाव चालू यादीतून जातं, पुन्हा नोंदणी केलीत तर तारीख नवी.

माझ्या मावसभावाने 2009 ला बारावीवर नाव घातलं, पुढे आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं, रिन्यूअल एकदाही चुकवलं नाही पण आयटीआय कार्डावर चढवलंच नाही. इलेक्ट्रिशियनची जागा आली तरी त्याचं नाव निघणार कसं, रेकॉर्डला तो बारावीच! मला खूप वाईट वाटलं, इतकी वर्षं बिचारा वाट बघत होता.

आता महाराष्ट्रात नोंदणी सरकारच्या 'महास्वयम' पोर्टलवर आहे, rojgar.mahaswayam.gov.in. लॉगिन करून शिक्षण आणि मोबाइल नंबर आजच तपासा, जुना नंबर असेल तर मेसेज जाणार कुठे? आणि जाहिरात दिसली की अर्ज स्वतः भरा.